पहिल्या तिमाहीत अंडाशयात गाठ दिसली: रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचायचा, कुठवर थांबायचं, कधी धावायचं

सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: ‘राइट ओव्हरी, कॉर्पस ल्युटियल सिस्ट, ३८ बाय ३४ बाय ३२ मिमी’. घरातल्या सगळ्यांचे डोळे त्याच ओळीवर खिळतात. मग कुणी गाठ विरघळवणारा काढा सुचवतं, कुणी ऑपरेशनचं नाव काढतं.

चूक होते ती क्रमात. लोक आधी आकार पाहतात. खरं तर पहिला प्रश्न गर्भ कुठे आहे हा, दुसरा गाठ दिसते कशी हा, आणि केवढी आहे हा तिसरा. पुढची सोनोग्राफी कधी करायची, हे या तीन उत्तरांवर ठरतं. इथे त्याच क्रमाने जाऊ.

थांबा, आधी हे पाहा. पुढीलपैकी काहीही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि सोनोग्राफी व ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात जा:
- ओटीपोटात एका बाजूला अचानक सुरू झालेली जोराची कळ
- चक्कर येणं, डोळ्यांपुढे अंधारी, घाम सुटून अंग गार पडणं
- पोटदुखीसोबत खांद्याच्या टोकाला दुखणं
- पोटदुखीसोबत ताप किंवा न थांबणारी उलटी

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावता येतो. वाटेत काही खाऊ-पिऊ नका. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं.

## टप्पा १: सोनोग्राफीला जाण्यापूर्वीची तयारी

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना पडद्यावर जे दिसतं त्याचा अर्थ लावायला तुमच्याकडून चार-पाच गोष्टी लागतात. त्या तोंडी आठवत बसण्यापेक्षा कागदावर लिहून न्या.

शेवटच्या पाळीची पहिली तारीख ही पहिली. गर्भाचे आठवडे त्याच तारखेपासून मोजतात, संबंध आले त्या दिवसापासून नाही. पाळी अठ्ठावीस दिवसांऐवजी चाळीस दिवसांनी येत असेल तर तेही सांगा. नाहीतर सात आठवडे धरून तपासणी होते, प्रत्यक्षात गर्भ पाच आठवड्यांचा असतो आणि ‘पिशवीत काही दिसत नाही’ असा नको तो धक्का बसतो.

दुसरी गोष्ट, गर्भ कसा राहिला. नैसर्गिकरीत्या, अंडं वाढवण्याच्या गोळ्या-इंजेक्शनांनी की आयव्हीएफने? आयव्हीएफ असेल तर गर्भ ताजा सोडला होता की गोठवलेला, आणि गोठवलेला असल्यास ते चक्र औषधांवरचं होतं की नैसर्गिक, हेही विचारून ठेवा. हा तपशील का महत्त्वाचा, ते टप्पा ३ मध्ये येईल.

तिसरी गोष्ट जुने रिपोर्ट. दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत त्याच बाजूला तेवढीच गाठ लिहिलेली असेल, तर ती या गर्भधारणेमुळे आलेली नाही. फाइलमधला जुना कागद अनेकदा आठवडेच्या आठवडे चालणारी शंका एका मिनिटात मिटवतो.

चौथी, चालू औषधं. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना कमी मात्रेतलं ॲस्पिरिन किंवा हेपॅरिनची इंजेक्शनं चालू असू शकतात. रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असताना गाठ फुटली तर रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून हे डॉक्टरांना माहीत हवं. स्वतःहून मात्र ते बंद करू नका.

ओळखपत्र बरोबर ठेवा. गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटी कायद्याखालचा एफ फॉर्म भरावा लागतो. या काळातली तपासणी बहुधा योनीमार्गातून, म्हणजे ‘आतून’ करतात. तिला लघवी भरून ठेवावी लागत नाही, उलट मोकळी करून जायचं. आतली तपासणी गर्भाला धोकादायक असते हा समज चुकीचा आहे. तिला नकार दिला तर एवढ्या लवकर पोटावरून अंडाशय आणि नळी नीट दिसत नाहीत आणि अर्धवट रिपोर्ट हाती पडतो.

## टप्पा २: गर्भ कुठे आहे?

रिपोर्ट हातात आला की गाठीची ओळ सोडा आणि वर जा. तिथे ‘इंट्रायूटेराइन जेस्टेशनल सॅक’ आणि त्यात ‘योक सॅक’, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी, किंवा गर्भ दिसल्याची नोंद आहे का? आतल्या सोनोग्राफीत साधारण पाच आठवड्यांना गर्भाची पिशवी दिसू लागते, साडेपाचच्या सुमारास योक सॅक आणि सहाव्या आठवड्यात हृदयाचे ठोके. गर्भाशयात योक सॅकसह पिशवी दिसली की गर्भ जागच्या जागी आहे हे पक्कं झालं. आता गाठीकडे वळायला हरकत नाही.

ही नोंद नसेल तर गाठीचा विचार थांबवा. चाचणी पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं आणि एका बाजूला गोल आकार, अशा वेळी तो गोल म्हणजे पीतपिंड, अर्थात अंडं बाहेर पडल्यावर अंडाशयात उरणारी कॉर्पस ल्युटियम ही ग्रंथी, आहे की नळीत रुजलेला गर्भ, हे ठरवणं सगळ्यात आधी. दोन्ही फसवेपणाने सारखे दिसतात. दोघांभोवती रक्तपुरवठ्याचं कडं असतं, आणि रंगीत डॉप्लरवर ते आगीच्या रिंगणासारखं उमटतं. ‘भोवती रक्तप्रवाह दिसला म्हणजे नळीतला गर्भ’ असा निष्कर्ष काढणं ही डॉक्टरांच्याही बाबतीत घडणारी चूक आहे.

फरक जागेवरून करतात. पीतपिंड अंडाशयाच्या आत असतो, नळीतला गर्भ अंडाशयाच्या बाहेर. तपासताना डॉक्टर प्रोबने हलका दाब देऊन पाहतात. गोल अंडाशयाबरोबरच सरकला तर तो अंडाशयाचा, वेगळा घसरला तर नळीचा असण्याची शक्यता मोठी. नळीतल्या गर्भाचं कडं बहुधा अंडाशयाच्या उतीपेक्षा जास्त पांढरं दिसतं. आणखी एक बाब: नळीतला गर्भ बहुतेक वेळा ज्या बाजूला पीतपिंड असतो त्याच बाजूला सापडतो. त्यामुळे ‘उजवीकडचा गोल म्हणजे पीतपिंडच’ असं म्हणून उजवी नळी तपासायची सोडली, तर नेमकं तेच राहून जातं.

अशा वेळी बीटा एचसीजी ही रक्ततपासणी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात. पहिला आकडा १५०० पेक्षा कमी असताना निरोगी गर्भात तो दोन दिवसांत किमान ४९ टक्के वाढणं अपेक्षित असतं. वाढ त्याहून कमी असेल तर संशय वाढतो. पण वाढ चांगली असली म्हणून नळीतला गर्भ नाही असं म्हणता येत नाही. दोन्ही वेळा प्रयोगशाळा एकच ठेवा, कारण पद्धत बदलली की आकड्यांची तुलना लंगडी पडते.

तपासा: गर्भाशयात योक सॅक किंवा ठोके असलेला गर्भ, ही ओळ रिपोर्टमध्ये सापडली का? सापडली तरच पुढचा टप्पा. नसेल तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘गर्भ कुठे आहे हे नक्की झालं का, आणि नसेल तर पुढची तपासणी किती तासांनी?’

## टप्पा ३: गाठ दिसते कशी?

दर महिन्याला ज्या पिशवीतून अंडं बाहेर पडतं, तिचं अंडं गेल्यावर पिवळसर ग्रंथीत रूपांतर होतं. हाच पीतपिंड, म्हणजे कॉर्पस ल्युटियम. दिवस गेले नाहीत तर तो दोन आठवड्यांत सुकतो. दिवस गेले तर गर्भाकडून येणारं एचसीजी त्याला जिवंत ठेवतं आणि तो प्रोजेस्टेरॉन तयार करत राहतो. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास हे काम वार हळूहळू आपल्याकडे घेते. तोपर्यंत गर्भ याच ग्रंथीवर टिकून असतो. तिच्यात पाणी किंवा थोडं रक्त साठून ती तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की रिपोर्टमध्ये तिला ‘सिस्ट’ म्हणतात. म्हणजे या काळात दिसणारी बहुतेक गाठ ही रोग नसते. गर्भाला पोसणारी ग्रंथी पाण्याने फुगलेली असते.

तिची ठेवण अशी: एकच कप्पा, जाडसर आणि जरा दुमडल्यासारखी भिंत, भिंतीभोवती रक्तप्रवाह, आणि आत स्वच्छ पाणी किंवा बारीक जाळी. ही जाळी म्हणजे गोठलेल्या रक्ताचे धागे. रिपोर्टमध्ये ‘हेमरेजिक’ हा शब्द वाचून रक्तस्राव चालू आहे असं समजू नका. गाठीच्या आत रक्त साठलं आहे एवढाच त्याचा अर्थ. पोटाच्या पोकळीत रक्त असेल तर ‘फ्री फ्लुइड’ असं वेगळं लिहितात. तो शब्द सापडला तर मात्र किती आहे, हे विचारा.

या वर्णनात न बसणाऱ्या गाठींची नावं ओळखून ठेवा. ‘डर्मॉइड’मध्ये चरबी आणि केस असतात, ती आधीपासूनची असते आणि विरघळत नाही. ‘एंडोमेट्रिओमा’ म्हणजे चॉकलेटी रक्ताची गाठ. गरोदरपणात तिच्या आतल्या भिंतीवर रक्तवाहिन्या असलेले उंचवटे येऊ शकतात आणि ती थेट कर्करोगासारखी दिसू शकते. त्यामुळे पूर्वीपासून एंडोमेट्रिओमा असेल तर ते सांगितलंच पाहिजे. दोन्ही अंडाशयांत अनेक कप्प्यांच्या मोठ्या गाठी दिसल्या तर जुळं आहे का, द्राक्षगर्भ म्हणजे वारेचीच विकृत वाढ आहे का, की अंडं वाढवणारी इंजेक्शनं दिली होती, हे पाहतात. अशा गाठी एचसीजी जास्त असल्याने येतात.

आता टप्पा १ मधला आयव्हीएफचा तपशील. औषधांवरच्या चक्रात गोठवलेला गर्भ सोडला असेल तर बीज फुटलेलंच नसतं, म्हणून पीतपिंडही नसतो. अशा स्त्रीच्या रिपोर्टवर ‘कॉर्पस ल्युटियल सिस्ट’ लिहून आलं तर ते तपासून घ्यावं. ती बहुधा दुसरी कुठली तरी गाठ असते. आणि पीतपिंड नसल्यामुळेच या स्त्रियांची प्रोजेस्टेरॉनची औषधं १० ते १२ आठवड्यांपर्यंत न चुकता चालावी लागतात. ‘गाठ आहे म्हणून हार्मोन बंद केलं’ हा निर्णय तिथे गर्भाच्या जिवावर बेतू शकतो.

नैसर्गिक गर्भधारणेतही एक गैरसमज पक्का बसलेला आहे: प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी गाठ वाढते, किंवा कमी होते. दोन्ही नाही. त्या गोळ्या वेगळ्या कारणासाठी दिलेल्या असतात. गाठ मोठी म्हणजे हार्मोन भरपूर, असंही नाही. आणि पीसीओडीचा इथे संबंध नाही. पीसीओडीत अनेक बारीक, न फुटलेल्या बीजपिशव्या असतात, ही एकटी मोठी गाठ असते.

इशारा: डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय गाठ विरघळवण्यासाठी कोणताही काढा, चूर्ण किंवा पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या घेऊ नका. जी ग्रंथी आपोआप जाणारच आहे तिच्यासाठी गर्भाला नको ते औषध पोहोचतं.

## टप्पा ४: आकार वाचणं

तीन आकडे असतात: लांबी, जाडी, रुंदी. एकक आधी पाहा. ३८ मिमी म्हणजे ३.८ सेंमी. दर आठवड्याला कुणीतरी ‘अडतीस सेंटिमीटरची गाठ’ म्हणून हादरून जातं. तुलना करताना सगळ्यात मोठा आकडा धरा. ‘व्हॉल्यूम’ म्हणून सीसीत आकडा दिला असेल तर तो तिन्ही मापांच्या गुणाकाराला ०.५२३ ने गुणून येतो. तो थोड्याशा बदलाने खूप हलतो, म्हणून घाबरायला किंवा हुरळून जायला तो आकडा वापरू नका.

आकारावरून साधारण असं धरतात. ३ सेंमीपर्यंतचा पीतपिंड हा नेहमीचाच. ३ ते ५ सेंमीची, वरच्या वर्णनात बसणारी गाठ बहुतेक करून १४ ते १६ आठवड्यांपर्यंत जाते. ५ ते ६ सेंमीच्या पुढे गाठ जाण्याची शक्यता अजून चांगली असते, पण अंडाशयाला पीळ पडण्याची भीती वाढते. ६ ते ८ सेंमीच्या गाठींमध्ये पीळ पडल्याचं जास्त दिसतं. १० सेंमीच्या वर, किंवा आकार कितीही असला तरी आत घन भाग, उंचवटे, जाड पडदे असतील, तर सोनोग्राफीतल्या अनुभवी डॉक्टरांकडून पुन्हा पाहून घ्यावं.

दहाव्या आठवड्यापर्यंत गाठ थोडी वाढलेली दिसू शकते. एचसीजी तेव्हा शिखराकडे जात असतं. म्हणून सहाव्या आठवड्याची गाठ आठव्या आठवड्यात ४ ची ४.५ सेंमी झाली म्हणजे काही बिघडलं, असं नाही.

‘सीए १२५’ ही रक्ततपासणी याच टप्प्यावर कुणीतरी लिहून देतं. पहिल्या तिमाहीत ती गर्भधारणेमुळेच वाढू शकते, तेव्हा चांगली-वाईट गाठ ओळखायला तिचा उपयोग होत नाही. आकडा आला की मात्र झोप जाते. लिहून दिली असेल तर ती कशासाठी, हे विचारा.

## टप्पा ५: पुढची सोनोग्राफी कधी?

सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप इथे वाया जातो. दर आठ-दहा दिवसांनी गाठ मोजून काही साधत नाही. तिच्या जाण्याचा वेग महिन्यांत मोजायचा असतो. त्रास नसेल आणि गाठ साधी असेल तर गरोदरपणात ज्या सोनोग्राफी होणारच आहेत, त्यांच्यावरच तिची तपासणी बसवा: ११ ते १४ आठवड्यांदरम्यानची एनटी स्कॅन आणि १८ ते २० आठवड्यांची ॲनॉमली स्कॅन. गाठ ५ सेंमीच्या वर असेल तर मधे, १६ आठवड्यांच्या आसपास आणखी एक.

यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एनटी स्कॅनला सगळं लक्ष बाळावर असतं, अंडाशय पाहायचं राहून जातं. म्हणून तपासणी सुरू होण्याआधीच सांगा: ‘उजव्या अंडाशयात गाठ होती, मागचा रिपोर्ट हा, तेवढी मोजून लिहा.’ दुसरं म्हणजे गर्भाशय वाढतं तसं अंडाशय वर ओढलं जातं आणि आतड्यांच्या आड जातं. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘ओव्हरी दिसली नाही’ असं येतं. ते ‘गाठ गेली’ असं वाचायचं नाही. ‘दिसली नाही’ आणि ‘पाहिली, गाठ नाही’ ही दोन निराळी वाक्यं आहेत.

एक प्रकरण नीट पाहू. सहा आठवडे तीन दिवस. गर्भाशयात पिशवी, योक सॅक, ठोके. उजव्या अंडाशयात ४६ बाय ४१ बाय ३८ मिमीची गाठ, आत बारीक जाळी, भिंतीभोवती रक्तप्रवाह, फ्री फ्लुइड नाही. पोट अधूनमधून जड वाटतं, कळ नाही. क्रमाने गेलो तर गर्भ जागेवर, ठेवण पीतपिंडाची, आकार ५ च्या आत. म्हणजे औषध नाही, सक्तीची विश्रांती नाही, पुढची मोजणी एनटीच्या वेळी. बारा आठवडे दोन दिवसांना तीच गाठ २४ बाय २० बाय १८ मिमी. व्यास जवळपास निम्मा झाला, आणि घनफळ सुमारे साडेसदतीस सीसीवरून साडेचारवर उतरलं. एकोणीस आठवड्यांना उजवी ओव्हरी दिसली नाही. इथे पुन्हा धावपळ करायची का? नाही. बाराव्या आठवड्यालाच ती नेहमीच्या पीतपिंडाएवढी झाली होती आणि उतरतीला लागली होती. पण तीच गाठ बाराव्या आठवड्याला ५१ मिमी असती आणि एकोणिसाव्याला ‘दिसली नाही’ लिहून आलं असतं, तर पोटाच्या बाजूकडून वर शोधायला सांगावं लागलं असतं.

तपासा: फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने तीन रकाने आखा: किती आठवडे, कोणती बाजू, तीन मापं. प्रत्येक सोनोग्राफीनंतर भरा. डॉक्टर बदलले, माहेरी बाळंतपणाला गेलात, तरी तो तक्ता बोलतो.

## टप्पा ६: दुखायला लागलं तर

या काळात ओटीपोटात थोडं ओढल्यासारखं, पाळीसारखं दुखणं पुष्कळांना होतं. गाठीच्या बाजूला बोथट दुखणं, कुशीवर वळताना जाणवणं, हेही चालण्यासारखं. घ्यायचीच असेल तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीत. तासाभरात उतार पडला नाही, किंवा दुखणं वाढत गेलं, तर दुसरी गोळी न घेता दाखवायला जा.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या: पीळ आणि फुटणं.

पीळ म्हणजे जड झालेलं अंडाशय आपल्याच देठाभोवती फिरतं आणि त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो. दुखणं अचानक सुरू होतं, एका बाजूला असतं, आणि अनेकदा येतं-जातं, कारण अंडाशय थोडं सुटतं आणि पुन्हा पिळतं. बरोबर मळमळ आणि उलटी. फसगत इथेच होते. गरोदरपणात उलट्या होतातच, म्हणून घरचे त्याकडे दुर्लक्ष करतात. पण नेहमीच्या उलट्यांना एका बाजूची कळ नसते. कळ आली आणि तिच्यापाठोपाठ उलटी झाली, तर तो पीळ धरूनच चालायचं. मधे तासभर थांबलं म्हणून ‘बरं वाटलं’ असं समजून घरी थांबू नका.

डॉप्लरवर अंडाशयात रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही, असंही ठरत नाही. अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त येतं, त्यामुळे अर्धवट पिळात प्रवाह दिसत राहतो. लक्षणं ठाम असतील आणि अंडाशय सुजलेलं, जागेवरून हललेलं दिसत असेल, तर दुर्बिणीतून पाहणं हाच निर्णय. रुग्णालयात कुणी ‘डॉप्लर नॉर्मल आहे, घरी जा’ म्हणालं आणि कळ तशीच असेल, तर ‘पीळ पूर्णपणे वगळला का?’ हे स्पष्ट विचारा.

ऑपरेशनमध्ये पीळ सोडवतात आणि गाठीतलं पाणी काढतात. काळंनिळं दिसणारं अंडाशयही बहुधा वाचतं, म्हणून ते सरसकट काढत नाहीत. गर्भ बहुतेक वेळा टिकतो. मात्र पीतपिंडच काढावा लागला आणि गर्भ दहा आठवड्यांच्या आतला असेल, तर प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावं लागतं, साधारण १० आठवडे भरेपर्यंत, काही डॉक्टर १२ पर्यंत. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलंय का ते पाहा, आणि नसेल तर तिथेच विचारा. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि तुमची स्त्रीरोगतज्ज्ञ वेगळ्या असतील तर हा दुवा हमखास तुटतो.

फुटणं बहुधा संबंधांनंतर, जोराच्या हालचालीनंतर किंवा काहीच कारण नसतानाही होतं. एकदम टोचल्यासारखं दुखतं. थोडं पाणी किंवा रक्त सांडून थांबलं तर दोन-तीन दिवसांत दुखणं उतरतं. रक्त वाहतच राहिलं तर पोट ताणलेलं वाटतं, बसलं-उठलं की चक्कर येते, आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाला दुखतं. पोटातलं रक्त श्वासपटलाला लागल्याची ती खूण आहे. नाडी आणि रक्तदाब ठीक असेल तर रुग्णालयात ठेवून काही तासांच्या अंतराने हिमोग्लोबिन पुन्हा पाहतात. पहिलं हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. ताज्या रक्तस्रावात ते लगेच खाली येत नाही, काही तासांनी येतं.

इशारा: गर्भ गर्भाशयात आहे हे अजून नक्की झालेलं नसताना पोट दुखलं, तर आधी नळीतला गर्भ वगळायचा. मागच्या रिपोर्टवर ‘कॉर्पस ल्युटियल सिस्ट’ लिहिलेलं आहे, हे तेव्हा कारण म्हणून पुरत नाही.

गाठ असताना काय टाळावं, हा हमखास येणारा प्रश्न. ५ सेंमीच्या आत आणि दुखत नसेल तर रोजची कामं, ऑफिस, चालणं, सगळं चालतं. त्यापेक्षा मोठी असेल तर उड्या, झटक्याने वळणं, पोटाला पीळ देणारी आसनं, जड उचलणं बाजूला ठेवावं, आणि संबंधांबाबत डॉक्टरांना विचारावं. दिवसभर पलंगावर पडून राहिल्याने गाठ लवकर जाते किंवा पीळ टळतो, असं काही नाही.

## टप्पा ७: सोळा आठवड्यांनंतरही गाठ राहिली तर

आता ती पीतपिंडाची असण्याची शक्यता बरीच कमी झाली. डर्मॉइड, एंडोमेट्रिओमा किंवा पाण्याची साधी पण वाढणारी गाठ, यांचा विचार सुरू होतो. कर्करोग निघणं विरळा, पण या टप्प्यावर सोनोग्राफी अनुभवी हातांतून होणं गरजेचं. तिथेही शंका राहिली तर एमआरआय करता येतं, शिरेतून गॅडोलिनियम हे रंगद्रव्य न देता. सीटी स्कॅन यासाठी सहसा करत नाहीत.

साधी, पातळ भिंतीची, वाढत नसलेली आणि न दुखणारी गाठ आता पुष्कळ डॉक्टर बाळंतपणापर्यंत नुसती पाहत राहतात. ऑपरेशनचा विचार होतो तो गाठ सतत वाढत असेल, फार मोठी असेल, दिसायला संशयास्पद असेल किंवा दुखत असेल तेव्हा. तातडी नसेल तर त्यासाठी १४ ते २० आठवड्यांदरम्यानचा काळ निवडतात. तोवर गर्भ पीतपिंडावर अवलंबून राहिलेला नसतो, गाठ आपोआप जाण्याची संधी देऊन झालेली असते, आणि गर्भाशय इतकं मोठं झालेलं नसतं की दुर्बिणीला जागाच उरू नये. ‘आठव्या आठवड्यातच काढून टाका’ असा आग्रह, कळ नसताना, बहुधा घाईचा असतो. अशा वेळी दुसरं मत घ्यावं. सुईने गाठीतलं पाणी ओढून घेण्याचा पर्याय कुणी दिला, तर गाठ पुन्हा भरण्याची शक्यता असते, आणि गाठ संशयास्पद असेल तर तसं करतच नाहीत.

गाठ तशीच ठेवून बाळंतपण झालं, तर सिझेरियन होत असल्यास डॉक्टरांना आधी आठवण करून द्या. त्याच वेळी अंडाशय पाहता येतं आणि गरज असेल तर गाठ काढताही येते. नैसर्गिक बाळंतपण झालं तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा एकदा आतली सोनोग्राफी करून घ्या. बाळाच्या लसींच्या तारखांमध्ये आईची ही तारीख हरवते, म्हणून ती डिस्चार्जच्या कागदावरच लिहून घ्या.